गॅलरीच्या कठड्यावरचा शिकरा

«आमचं घर गावाच्या टोकाला, स्लॅबचं. वरच्या गॅलरीतून शेजारचा कडूनिंब हाताशी येतो. चार दिवसांपासून एक पक्षी त्या निंबावर आणि आमच्या कठड्यावर येऊन बसतो आहे. छातीपोटावर तपकिरी रेघोट्या, शेपटीवर पट्टे. मामाजी म्हणतात, ‘थो शिकराच हाये, पिल्लं नेल्याबिगर राहत नाही.’ अंगणात कोंबडीची अकरा पिल्लं होती, त्यातली दोन गेली. सातभाई दिवसभर त्याच्याभोवती कल्ला करतात. मामाजींनी फांदी तोडायचं ठरवलं आहे आणि माझ्या सातवीतल्या मुलाच्या हाती गुलेल दिली आहे. पोराला ते करवत नाही. तीन फोटो पाठवते. गॅलरीच्या गजांमधलं अंतर टेपने मोजलं, चार इंच भरलं. हा शिकराच आहे का? आणि घरात काय सांगू?»
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमच्या तीन फोटोंपैकी पहिला फोटो पाहून मीही शिकराच म्हटलं असतं. पक्षी समोरून बसलेला, पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघोट्या, मागे शेपटीचे पट्टे. शिकऱ्याचं वर्षाच्या आतलं पिल्लू असंच दिसतं. मामाजींची नजर चुकली असं म्हणवत नाही. या पक्ष्याचा रंग भल्याभल्यांना फसवतो.

पण तुमचा दुसरा फोटो कडेचा आहे. त्यात चोच दिसते, आणि ती शिकऱ्याची नाही. तो पावशा आहे, ‘पेरते व्हा’ म्हणणारा. तोही मोठा नाही, या पावसाळ्यात घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू आहे. मी हे कशावरून म्हणते ते सविस्तर सांगते, कारण उद्या दुसरा पक्षी येऊन बसला तर तुम्हाला आणि तुमच्या मुलाला ते स्वतःच ठरवता यायला हवं.

दुसरा फोटो मोबाइलवर मोठा करा. चोच चौकोन-चौकोन दिसायला लागायच्या आधी थांबा. आता एका कागदाची सरळ कड घेऊन ती स्क्रीनवर चोचीच्या वरच्या रेषेला लावा, कपाळापासून टोकाकडे. तुमच्या फोटोत चोच निम्म्याहून जास्त लांबीपर्यंत कागदाच्या कडेला धरून जाते आणि टोकाशी थोडी खाली झुकते. शिकऱ्याच्या फोटोला हीच कड लावली तर चोच मुळापासूनच कागद सोडून खाली वळते आणि टोकाला अणकुचीदार आकडा होतो. शिकऱ्याला मांस फाडून खायचं असतं, त्यासाठी तो आकडा लागतो. पावशाला अळी पकडायची आणि गिळायची असते, त्याला त्याची गरजच नाही. पिसांचा रंग वयाप्रमाणे, उन्हाप्रमाणे बदलतो. चोचीची घडण तशी बदलत नाही. म्हणून मी आधी चोच पाहते आणि रंगाकडे नंतर वळते.

चोचीच्या मुळाशी आणखी एक खूण असते, आणि तिथे घोटाळाही होतो. शिकऱ्याच्या चोचीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, नाकपुड्यांभोवती पिवळी मऊ कातडी असते. मेण लावल्यासारखी दिसते. तुमच्या पक्ष्यालाही पिवळं दिसतंय, पण ते तोंडाच्या कोपऱ्यात आहे, जिथे दोन्ही जबडे मिळतात तिथे. पिल्लांचा तो कोपरा बहुतेक पक्ष्यांत पिवळा असतो, आणि शिकऱ्याचाही असतो. तेव्हा नुसतं ‘चोचीजवळ पिवळं आहे’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. पिवळं नाकपुडीच्या वर आहे का, ते बघा. तुमच्या फोटोत नाकपुडीभोवती तशी कातडी दिसत नाही.

एक सावधगिरी. पहिल्या फोटोसारख्या समोरच्या फोटोत कोणाचीही चोच आखूड आणि खाली वळलेली दिसते, अगदी पारव्याचीसुद्धा. समोरून आकडा दिसतच नाही. एकदा मी एका शेतकऱ्याला नुसता छातीचा फोटो पाहून शिकरा सांगून मोकळी झाले होते. आठ दिवसांनी त्यांनी कडेचा फोटो पाठवला, तो पावशा निघाला. तोपर्यंत त्यांनी त्या पक्ष्याला आंब्यावरून हाकलून लावलं होतं. तेव्हापासून कडेचा फोटो आल्याशिवाय मी या जोडीत नाव सांगत नाही.

आता रंग. शिकरा आणि पावशा यांच्या प्रौढ पक्ष्यांत फरक करता येतो. मोठ्या शिकऱ्याच्या पांढऱ्या छातीपोटावर बारीक तांबूस आडव्या रेषा असतात, गळ्याच्या मधोमध एक फिकट करडी उभी रेघ असते, आणि नराचा डोळा लाल असतो. मोठ्या पावशाच्या छातीवर तांबूस रंग पुसल्यासारखा पसरलेला असतो, आडवे पट्टे पोटाकडे असतात, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. वरून मात्र दोघेही राखाडी, दोघांच्याही शेपटीवर पट्टे. पिल्लांत हा फरक आणखी अवघड होतो. दोघेही वरून तपकिरी आणि खालून पांढुरके, रेघोट्यांचे. उभ्या रेघोट्या पाहून शिकरा ठरवणं म्हणूनच धोक्याचं. त्यात तुमचा पहिला फोटो संध्याकाळचा आहे. त्या उन्हात राखाडीसुद्धा तपकिरी दिसतं.

हे साम्य योगायोगाचं नाही, असं अभ्यासक मानतात. पावशा स्वतःचं घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. सातभाईंचं अंडं निळं, पावशाचंही निळं. शिकऱ्यासारखं रूप आणि शिकऱ्यासारखंच उडणं, चार-दोन वेळा पंख मारून तरंगत जाणं आणि शेवटी वर उसळून फांदीवर बसणं, यामुळे छोटे पक्षी बिचकतात आणि मादीला घरट्यापर्यंत पोहोचायला वाव मिळतो. सातभाई जिथे फसतात तिथे माणूस फसला तर नवल नाही.

आकाराचं बोलू. तुम्ही गजांमधलं अंतर मोजून पाठवलंत, त्याचा फार उपयोग झाला. तिसऱ्या फोटोत तो पक्षी कठड्याच्या आडव्या पाइपवर आडवा बसलेला आहे, आणि त्याच पाइपवर, वीतभर अंतरावर, एक सातभाई आहे. सातभाई चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण अडीच गाळे व्यापतो. चार इंचांचा गाळा म्हणजे दहा सेंटिमीटर, अडीच गाळे म्हणजे पंचवीस. आपल्याकडचा जंगली सातभाई साधारण २५ सेंटिमीटरच असतो. म्हणजे आपलं माप बरोबर बसतंय. आता तुमचा पक्षी मोजा. तो तीन गाळ्यांना किंचित कमी पडतो, म्हणजे २९ सेंटिमीटरच्या आसपास.

या मापाने काय साधलं? घार बाद झाली, ती साठ सेंटिमीटरच्या आसपास असते. कोकिळा मादीही तपकिरी आणि ठिपक्यांची असते, पण ती चाळीसच्या पुढेमागे असते, म्हणून तीही बाद. पण शिकरा आणि पावशा यांच्यात मात्र मापाने निवाडा होत नाही. पावशा साधारण ३४ सेंटिमीटर, शिकरा ३० ते ३६. दोघेही पारव्याएवढेच. शिवाय घरट्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची शेपटी पूर्ण वाढलेली नसते, म्हणून ते चार-पाच सेंटिमीटर कमीच भरतं. तुमचा पक्षी २९ भरतो तो बहुधा त्यामुळेच. आकार आपल्याला दाराशी आणून सोडतो. दार उघडायला चोच लागते.

मोजताना एक चूक नेहमी होते. पक्षी फांदीवर पाठीमागे आणि सातभाई पुढे, असा फोटो असेल तर पुढचा मोठा दिसतो आणि सगळं गणित बिघडतं. दोघेही एकाच पाइपवर, एकाच अंतरावर आणि कॅमेऱ्याला आडवे हवेत. तुमचा तिसरा फोटो नेमका तसा आहे, ही नशिबाची गोष्ट.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी आहेत. पाय पाहा. खरं तर पाय जवळपास दिसतच नाहीत, पोटाच्या पिसांत गेले आहेत, आणि पंखांची टोकं सैल सुटून खाली लोंबताहेत. शिकरा कठड्यावर बसतो तेव्हा त्याचे लांब, बारीक, पिवळे पाय स्पष्ट दिसतात आणि तो ताठ उभा असतो. त्याच्या पायाची तीन बोटं पुढे आणि एक मागे. पावशाची दोन पुढे आणि दोन मागे. पाइपवर समोरून फोटो मिळाला तर बोटं मोजता येतात, आणि चोच अस्पष्ट आली असेल तेव्हा हाच आधार उरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या सातभाईच्या चोचीत काहीतरी हिरवट आहे. मोठं करून बघा. ती अळी आहे. आणि तुमच्या पक्ष्याची चोच त्याच्याकडे वळून उघडी आहे. सातभाई त्याला भरवतो आहे.

यावरून तुमच्या पत्रातल्या ‘कल्ल्या’चा अर्थ बदलतो. सातभाई ओरडतात म्हणजे तिथे शिकारी आहे, हे आपण धरून चालतो. बरेचदा ते खरंही असतं. साप, मांजर, शिकरा दिसला की सातभाई एकत्र येऊन गोंगाट करतात. पण मोठ्या पावशावरही ते असेच ओरडतात, आणि पिल्लू मोठं होत असताना त्याच्याभोवती दिवसभर जो जमाव असतो तोही गोंगाटच करतो. म्हणून नुसत्या आवाजावरून काही ठरवू नका. सातभाई अंग फुगवून, शेपट्या उडवत, चार हात लांबून ओरडताहेत, की जवळ येऊन पुन्हा पुन्हा काहीतरी देऊन जाताहेत, ते बघा. शिकऱ्यापासून वीतभर अंतरावर सातभाई शांत बसत नाही.

एक शंका तुमच्या मुलाला येऊ शकते, आणि आली तर ती चांगली शंका आहे. सातभाईंच्या घरट्यात चातकही अंडं घालतो. मग हे चातकाचं पिल्लू नसेल कशावरून? आकार जवळपास तोच. पण चातकाच्या पिल्लाला डोक्यावर लहानसा तुरा असतो, वरचा रंग काळपट असतो आणि पोट फिकट, बिनरेघोट्यांचं. तुमच्या पक्ष्याला तुरा नाही आणि पोट रेघोट्यांनी भरलेलं आहे. इथे रंग कामाला आला, कारण प्रश्न वेगळा होता.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे येते. पावशा कोंबडीची पिल्लं नेत नाही. तो अळ्या आणि किडे खातो, आणि इतर पक्षी ज्यांना टाळतात ते केसाळ सुरवंटसुद्धा खातो. सुरवंट चोचीत दाबून, फांदीवर घासून त्याची आतडी बाहेर काढतो, मग गिळतो, आणि केसांची गोळी नंतर ओकून टाकतो. सध्या पऱ्हाटी फुलावर आली आहे. तुमच्या वावरात तो उतरला तर त्याला तिथेही खायला मिळेल. एक पक्षी सगळी बोंडअळी संपवेल असं मी सांगणार नाही, तसं होत नाही. पण मामाजींना त्याच्यामुळे तोटा नाही, हे नक्की.

मग दोन पिल्लं गेली कुठे? ती कधी गेली, हे आधी आठवा. संध्याकाळी डाल्याखाली झाकताना मोजली होती का? रात्रीतून कमी झाली असतील तर शिकराही निर्दोष आहे, कारण तो दिवसा शिकार करतो. मग मांजर किंवा साप यांचा विचार करा. दिवसाढवळ्या गेली असतील तर कावळा हा पहिला संशयित. शिकराही लहान पिल्लू उचलू शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्याचं नेहमीचं खाणं म्हणजे सरडे, उंदीर, छोटे पक्षी आणि मोठे किडे. पारव्याएवढ्या पक्ष्याला तळहातात मावणारं पिल्लूच उचलता येतं. थोडं मोठं झालं की ते त्याच्या आवाक्याबाहेर जातं.

म्हणजे पक्षी कोणता का असेना, उपाय एकच आहे, आणि तो निंबावर नाही, अंगणात आहे. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं आईसोबत उघड्यावर सोडायची असतील तर चार खुंट्या ठोकून वरून जुनी मासेमारीची जाळी किंवा विरळ नायलॉनची जाळी ताणा. जाळी नसेल तर बाभळीच्या काटेरी फांद्या एका कोपऱ्यात आडव्या रचा. कावळा किंवा शिकरा दिसला की पिल्लं आपणहून त्याखाली पळतात. रात्री डालं झाकून वर दगड ठेवा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोजा. मोजण्याचं काम तुमच्या मुलाला द्या. मोजत राहिलात तर चोर कोण ते आठवडाभरात कळेल.

फांदी तोडू नका. या पिल्लाला अजून नीट उडता येत नाही. त्याला भरवणारे सातभाई त्याच फांदीच्या आसपास घुटमळतात. फांदी गेली तर ते खाली उतरेल आणि मांजराच्या तोंडी जाईल. गुलेलीचं सांगायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पावशा आणि शिकरा दोघांनाही संरक्षण आहे, गुलेलीने मारणं हा गुन्हा होतो. पण मामाजींसमोर कायद्यापासून सुरुवात करू नका. घरातल्या मोठ्या माणसाला कायदा दाखवला की बोलणं तिथेच संपतं. त्यांना पटेल ती गोष्ट वेगळी आहे, ती शेवटी सांगते.

पिल्लू कधी गॅलरीत खाली पडलेलं दिसलं तर दूध, भात, पाणी चोचीत घालू नका. मांजर आत येणार नाही असं बघा, दार लावून घ्या, आणि ते कठड्यावर चढवून ठेवा. तुम्ही दूर झालात की सातभाई येतात. हात लावलेलं पिल्लू ते टाकत नाहीत.

पुढच्या वेळी फोटो घेताना तीनच गोष्टी करा. तुमची गॅलरी पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आहे, खालून मान वर करून फोटो काढणाऱ्यापेक्षा तुम्हाला कडेची चोच सहज मिळेल, तेव्हा पक्षी मान वळवेपर्यंत थांबा. मोबाइलचा झूम पूर्ण ताणू नका, चोचीचा आकडा त्यात पुसला जातो. त्यापेक्षा अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या आणि त्यातलं कडेचं चित्र निवडा. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन चोचीची रेषा जाते. तरीही पक्षी फक्त पाठीकडून दिसला आणि पायही दिसले नाहीत, तर शिकरा की पावशा यावर उत्तर देता येत नाही. अशा फोटोखाली नाव लिहू नका, तारीख आणि जागा लिहून ठेवा.

तुम्हाला वाटेल, पावशा तर उन्हाळ्यात आणि पेरणीच्या आधी ओरडतो, मग आता इथे कसा? तो वर्षभर इथेच असतो. हिवाळ्यात गप्प राहतो, म्हणून तो गेला असं आपल्याला वाटतं. आवाजावरून ज्याला लहानपणापासून ओळखतो, त्याला डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, असं खेड्यातही पुष्कळांचं होतं.

मामाजींच्या बाबतीत मला वाटतं तेच झालं असावं. त्यांना विचारा, मृगाच्या आधी वावरात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येतं, तो पक्षी तुम्ही कधी जवळून पाहिला का? मग तिसरा फोटो उघडा, मोठा करा, आणि सातभाईच्या चोचीतली अळी त्यांना बोटाने दाखवा. पोराला शेजारी बसवा. कागदाची कड त्याच्या हातात द्या आणि चोचीला कशी लावायची ते त्यालाच आजोबांना दाखवू द्या.